चौथ्या पाटीचा आवाज

छताला भोक पाडायचं म्हटलं की ज्याने आयुष्यात कधी ड्रिल हातात धरलं नाही, त्यालाच सगळ्यात जास्त अक्कल फुटते. अकरा वर्षं बघतेय मी. नवरा वर घोडीवर उभा, मी खाली धूळ ओढायच्या मशीनचा पाइप धरून उभी, आणि आमच्या मागे घरातला एक तरी माणूस कमरेवर हात ठेवून सांगत असतो, "मिस्त्री, जरा सरळ धरा हं." अरे बाबा, तुला सरळ-वाकडं कळत असतं तर तूच चढला असतास की वर.

आमचं काम झोपाळ्यांचं. घरातले झोपाळे, लाकडी फळीचे, साखळीचे. फळीच पन्नास-साठ किलोची. त्यावर घरातली चार माणसं बसली की झाले साडेतीनशे-चारशे. आणि झोका घेतला की तेच वजन हुकाला आणखी जड लागतं, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. पंख्याचा हुक आहे ना, त्यालाच लटकवा, म्हणणारेही भेटलेत मला. पंखा बसून गप्पा मारतो का तुमच्यासारखा?

नवरा कामाला वाघ आहे. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, पण आहे. हॅमर ड्रिल डोक्यावर धरून सोळा भोकं पाडायची म्हणजे खायचं काम नाही. एका झोपाळ्याला चार हुक, प्रत्येक हुक एका जाड लोखंडी पाटीला, प्रत्येक पाटीला चार बोल्ट. काँक्रीट जुनं असलं की दगडासारखं होतं, एकेक भोक पाडताना खांदे भरून येतात.

वाघाला एकच दुखणं. कान.

वीस वर्षं ड्रिल डोक्याजवळ घणघणल्यावर दुसरं काय होणार? सुरुवातीची दहा वर्षं कानात बोळे घालायची लाज वाटायची या मर्दाला. आता दिवसभर घालून फिरतो, कारण बोळे असले की ऐकू येत नाही याला कारण मिळतं. लोकांना वाटतं, मिस्त्री काळजी घेतात. उजवा कान पार गेलाय, डाव्यात थोडी धुगधुगी आहे. समोरचा माणूस तोंडाकडे तोंड करून बोलला की ओठांवरून निम्मं ओळखतो, निम्मं अंदाजाने. एकदा कुणीतरी "ओरडता कशाला?" म्हणाल्यापासून बोलतोही इतकं हळू, की आता ऐकणाऱ्याचेच कान तपासायची वेळ येते.

हे कुणाला कळता कामा नये, ही त्याची अट. कारण आमच्या धंद्यात पहिलं काम हातोडीचं आणि कानाचं असतं. ड्रिल लावायच्या आधी छत ठोकून बघायचं. भरीव असेल तर हातोडी ठण्ण बोलते, हातात उसळते. आत पोकळी असेल, थर सुटलेला असेल, तर ढब् होतं. बहिऱ्या माणसाला वर चढवून त्याच्या हुकाला आपली म्हातारी आणि पोरं कोण टांगेल? कुणी नाही. मीही नाही टांगणार. त्याचं म्हणणं, हे एकदा गावभर झालं की ड्रिल विकून घरी बसायचं.

म्हणून आम्ही तोड काढली होती. तो ठोकणार आणि सहज बघितल्यासारखं माझ्याकडे बघणार. भरीव असेल तर मी मान खाली-वर हलवायची. पोकळ असेल तर नाक खाजवायचं. तीन वर्षं हे नाटक चाललं होतं. लोकांना वाटायचं, बायको नुसती धूळ धरायला आणलीय.

त्या दिवशी आमचा अबोला होता. दोन दिवस झाले होते. कारण मी म्हटलं होतं, कानाला मशीन लावून घ्या. एवढंच. तर केवढा थयथयाट! "मशीन लावून घोडीवर चढू? कपाळावर पाटीच लाव ना, बहिरा आहे म्हणून!" मी म्हटलं, "लावते. खिळे ठोकून लावते." तेव्हापासून घरात नुसती भांडी बोलत होती.

तर अशा थाटात आम्ही त्या घरी पोचलो. तिसरा मजला, मोठा हॉल, एका बाजूला रुंद खिडकी. फळी भिंतीला टेकवून ठेवलेली, जुन्या सागवानाची, दोन माणसांनी उचलावी लागेल अशी. झोपाळा होता घरातल्या आजींसाठी. आजी म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, गुडघे कामातून गेलेले, खुर्चीत तासभर बसलं की पाय आखडायचे. झोपाळ्यावर पायाने जरा रेटा देत बसलं की बरं वाटतं, असं त्यांनी स्वतःच मला सांगितलं. फळी त्यांनी हौसेने करून घेतली होती. त्यांची सून वागायला बरी होती, फक्त स्वतःचं मत म्हणून काही नव्हतं. तिचं मत तिचा भाऊ बाळगायचा.

हा भाऊ म्हणजे दादा. सगळे दादाच म्हणत होते. बहिणीच्या घरात हा असा वावरत होता, जसा काही हा स्लॅब याने स्वतः ओतलाय. एका हातात मोबाइल, त्यात व्हिडिओ. "मिस्त्री, परदेशात हे काम वीस मिनिटांत करतात." मी मनात म्हटलं, मग जा की परदेशात, इथे कशाला आमच्या मधे तडमडतोस?

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "छत कधी गळलं होतं का? काही दुरुस्ती वगैरे?"

सून तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "छे, छे! एकदम टकाटक. ही बिल्डिंग म्हणजे किल्ला आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला.

नवऱ्याने जमिनीवर फळी ठेवून खडूने चार कोपरे आखले, ओळंबा धरून ते वर छतावर घेतले. मग घोडीवर चढला, हातोडी काढली. पहिला कोपरा, ठण्ण. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तीही अशी की मानेनेच शिवी द्यावी. दुसरा, ठण्ण. मान. तिसरा, ठण्ण. मान. मग घोडी सरकवून तो चौथ्याकडे गेला आणि नेमका तेव्हाच दादा माझ्या कानाशी सुरू झाला.

"बाई, ते मशीन टाइल्सवर घासू नका. खाली काहीतरी टाका."

"गोणपाट टाकलंय, दिसत नाही का?" मी म्हटलं.

"ते गोणपाटच घाण आहे ना पण."

त्याच्यावर डोळे वटारत असतानाच सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "वहिनी, पाणी देऊ का?" आणि मी तिच्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यात वर हातोडी पडली असणार. पडली असणारच. मला ऐकू आली नाही. माझे दोन्ही कान ठणठणीत, आणि ते त्या दादाच्या गोणपाटात अडकलेले.

मी पाणी प्यायले. नवऱ्याने ड्रिल उचललं.

पुढचे तीन तास नेहमीचे. ड्रिलच्या पात्याला लाल टेप लावलेली, तिथपर्यंत पातं आत गेलं की भोक पुरेसं खोल. प्लास्टरची जाडी त्यात धरायची नाही, कारण प्लास्टर कुणाचं वजन पेलत नाही, ते दिसायला असतं, दादासारखं. भोक झालं की नळीच्या पंपाने फुंकायचं, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचं. आत पीठ राहिलं तर बोल्ट धरत नाही. मग बोल्ट ठोकून आत घालायचा आणि नट आवळायचा. नट आवळला की बोल्टचं आतलं टोक फाकतं आणि काँक्रीटला आतून पकडतं. आवळायला आमच्याकडे खास पाना आहे, हवा तेवढा जोर झाला की कट्ट करून हाताला झटका देतो. तो झटका नवऱ्याला कळतो. त्याला कान लागत नाही.

दुसऱ्या पाटीच्या तिसऱ्या भोकाला सळई लागली. पातं चार सेंटिमीटर गेलं आणि पुढे हलेना, धूळ यायची थांबली. नवऱ्याने लगेच ड्रिल बाहेर ओढलं. हाताला समजतं ते. दादाला मात्र चेव आला.

"दाबा ना जरा! लोखंड कापायचं पातं येतं, मी दाखवतो व्हिडिओ."

"दादा," मी म्हटलं, "सळई म्हणजे छताचं हाड आहे. तुमचा दात दुखतो म्हणून डॉक्टर जबडा कापतो का?"

आजी आरामखुर्चीतून खुदकन हसल्या. नवऱ्याने पाटी जराशी फिरवली, नवीन जागा आखली, आणि फसलेलं भोक सिमेंटच्या मसाल्याने गच्च भरून टाकलं. दादाने मोबाइल खिशात घातला, दहा मिनिटांसाठी.

चौथ्या पाटीची चारही भोकं झकास पडली. कडक लागत होतं, सळई नाही, काही नाही. पाना चार वेळा कट्ट झाला. साखळ्या अडकवल्या, फळी चढली, पातळीत आली. दुपारच्या उन्हात ते सागवान असं काही चमकलं, की आजींचा चेहरा उजळला. काठी टेकत त्या उठायला लागल्या.

"थांबा आजी," मी म्हटलं. "आधी आम्ही."

हा आमचा नेम आहे. ज्याने हुक लावला त्याने पहिल्यांदा बसायचं. मधे सिमेंटच्या चार गोण्या, एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला मी, आणि झोका घ्यायचा. आपण बसायला घाबरतो तिथे दुसऱ्याला बसवायचं नाही. नवऱ्याच्या वस्तादाचा हा नियम, आणि नवऱ्याकडे त्याच्याएवढं देवासारखं दुसरं काही नाही. गोण्या आम्ही खालून आणलेल्याच होत्या. त्या नवऱ्याने फळीवर मांडल्या.

सून कौतुकाने वर बघत म्हणाली, "बरं झालं बाई, तो कोपरा पण छान झाकला गेला. वरच्यांच्या बाथरूममुळे तिथला सगळा रंग गेला होता. दादाने माणूस आणून काँक्रीट भरून घेतलं म्हणून बरं, नाहीतर तुकडेच पडत होते."

मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कुठला कोपरा?"

"हा काय, चौथा."

मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "ते गळणं नव्हतं हो, किरकोळ ओल होती. एका दिवसात काम उरकलं आपण. एकदम कडक मटेरियल." वर छाती फुगवून.

कडक असणारच. म्हणूनच ड्रिलला कळलं नाही. असले दुरुस्तीचे मसाले दगडासारखे होतात, पण आतली गंजलेली सळई न घासता, जुनं काँक्रीट साफ न करता वरून थापले, की ते छताला चिकटत नाहीत. नुसते तोंड दाबून बसलेले असतात. आणि हे हाताला कळत नाही, कानाला कळतं. मी आठवायला लागले, चौथा कसा वाजला होता? पहिला आठवला, दुसरा आठवला, तिसरा आठवला. चौथ्याच्या जागी मला फक्त पाण्याचा ग्लास आठवला.

मी मान हलवली होती. पाण्याला.

"अहो," मी म्हटलं. दोन दिवसांतला पहिला शब्द. नवरा पाठमोरा, साखळी तपासत होता. त्याला काय ऐकू जाणार? मी जाऊन त्याचा दंड धरला, तोंड वळवलं आणि ओठ नीट हलवून विचारलं, "चौथा कसा वाजला?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मला तिथेच धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मग अगदी हळू म्हणाला, "तू मान हलवलीस ना."

मी हातोडी घेतली आणि घोडीवर चढले.

"आता बाई तपासणार?" दादाला हसू आवरेना. "मिस्त्री, तुमची तर सुपरवायझरच निघाली ही."

पाटीच्या अगदी जवळ ठोकलं. ठण्ण. जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. पाटीजवळ बोल्टांनी सगळं आवळून धरलंय, तिथे ठण्णच येणार. मी वीतभर बाजूला सरकून ठोकलं. ढब्. दुसऱ्या बाजूला. ढब्. परातीएवढ्या गोलात सगळीकडे ढब्, ढब्, ढब्. पाच-सहा सेंटिमीटरचा सुटलेला थर असेल, तर आमचा दहा सेंटिमीटरचा बोल्ट खऱ्या छतात जेमतेम चार सेंटिमीटर शिरलेला. तो काय वजन धरणार? तीन पाट्या भिंतीसारख्या आणि चौथी देवाच्या भरवशावर.

खरं सांगते, खोटं कशाला बोलू? त्या घोडीवर उभी असताना मला वाटलं, गप्प बसावं. आज पडणार नव्हता तो झोपाळा. आम्ही दोघं आणि चार गोण्या, इतकं तर त्याने पेललं असतं कदाचित. चार-सहा महिने रोज झोके घेतल्यावर, कधीतरी चौघं बसल्यावर, त्या कोपऱ्यातलं सगळं खाली आलं असतं. तोपर्यंत परत येऊन काहीतरी निमित्त काढून दुरुस्त केलं असतं. मिस्त्रीची अब्रू वाचली असती. खाली बघितलं तर आजी काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडेच बघत होत्या.

"हे काढावं लागेल," मी म्हटलं. "पोकळ आहे."

"काय पोकळ?" दादा म्हणाला. "मला तर सारखाच आवाज आला. आणि मिस्त्रींनी सुरुवातीला ठोकलं होतं, मी स्वतः बघितलंय. त्यांनी ओके केलं. तुम्ही धूळ धरा बाई, त्यांना त्यांचं काम करू द्या."

"मी सांगतेय ना, पोकळ आहे."

"वीस वर्षांचा अनुभव कुणाला, तुम्हाला का त्यांना?" मग त्याने नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. "काय मिस्त्री? ठोकून बघितलं होतं ना तुम्ही? आवाज चांगला होता ना?"

नवरा त्याच्या ओठांकडे बघत होता. त्याला कळलं होतं सगळं. हो म्हणालं तर खोटं, नाही म्हणालं तर पुढचा प्रश्न. तो कपाळावरचा घाम पुसायला लागला.

"बघा! मिस्त्रींना शंका नाही, शंका बायकोला. जाऊ दे, कुणी बसत नसेल तर मीच बसतो." आणि तो उंटावरचा शहाणा खरंच गोण्या बाजूला ढकलून बसायला निघाला. वर आजींना म्हणतो, "या आजी, तुम्ही पण या. मुहूर्त आपल्या हातून."

आजींनी खरंच एक पाऊल टाकलं.

"त्यांना ऐकू येत नाही!" मी ओरडले. "आवाज चांगला होता का वाईट, त्यांना माहीतच नाही! तीन वर्षं त्यांना ऐकू येत नाही! त्यांच्यासाठी मी ऐकते, आणि चौथा मी ऐकला नाही!"

 

मी घोडीवरून माझं तोंड नवऱ्याकडे केलं नव्हतं. मुद्दाम. पण सगळ्यांनी एकदम माना वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यांवरून त्याला समजलं मी काय बोलले ते. लोकांचे चेहरे वाचण्यात तो आता तरबेज झालाय. मला वाटलं, आता हा पिशवी उचलून निघून जाणार. गेला असता तरी मी काही बोलू शकले नसते. तीन वर्षं झाकलेली गोष्ट मी एका वाक्यात चव्हाट्यावर मांडली होती.

त्याने कानातले बोळे काढले. आधी एक, मग दुसरा. खिशात टाकले. मला हाताने खाली उतर म्हणाला. मग स्वतः चढला, चौथ्या पाटीची साखळी सोडवली, चारही नट काढले, पाटी उतरवून माझ्या हातात दिली. छिन्नी घेतली, त्या गोलाच्या कडेला लावली आणि दोन घाव घातले. तिसऱ्याची गरजच पडली नाही. अख्खा गोल खपलीसारखा सुटला आणि गोणपाटावर धप्पकन आदळला. दादाच्या बुटापासून हातभर अंतरावर. वर सळई उघडी पडली, गंजून गंजून पापुद्रे सुटलेली.

दादाचा रंग उडाला. पण अशा माणसांची जीभ मेल्यावरच थांबते. "म्हणजे... म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलंत! बहिरा माणूस घरात आणून छताला भोकं पाडता? ताई, मी आत्ता दुसरा माणूस बोलावतो. आणि ग्रुपवर टाकतो, सगळ्या बिल्डिंगला कळू दे."

सून आपली भावाकडे बघ, माझ्या नवऱ्याकडे बघ, खाली पडलेल्या ढेपेकडे बघ.

आजी म्हणाल्या, "टाक. ग्रुपवर हेही टाक, की ही ढेप तू बसवून घेतली होतीस."

"आजी, तसं नाही..."

"या खोलीत धडधाकट कानांची चार माणसं होती," आजी म्हणाल्या. "हातोडी सगळ्यांसमोर वाजली. तुला ऐकू आलं? हिला? मला? आणि छत गळत होतं का म्हणून या बाईने विचारलं, ते तर तुला चांगलं ऐकू आलं होतं. तरी तू नाही म्हणालास." मग त्या नवऱ्याकडे वळल्या, त्याच्या अगदी समोर जाऊन, ओठ सुटे सुटे करून बोलल्या. "पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी. कोणतं पोर ऐकतंय आणि कोणतं नुसतं तोंडाकडे बघतंय, ते मला दारातूनच कळतं. तुम्ही आत आल्या आल्या कळलं होतं. पण पोर लपवत असेल तर मी भर वर्गात कधी विचारलं नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. मग अगदी हळू विचारलं, "मग आता?"

"आता झोपाळा लावायचा. तुम्हीच. मला दुसरा कुणी नको."

दादा तणतणत गॅलरीत गेला आणि तिथे फोनवर कुणालातरी देशाचं काय होणार ते सांगू लागला.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. तो कोपरा आम्ही शिवला नाही, त्याला सळई घासून नीट भरणारा जाणता माणूस लागतो, तो आजींनी वेगळा बोलावला. झोपाळा अडीच फूट खिडकीकडे सरकवला. जुन्या पाट्या उतरवल्या, जुनी भोकं मसाल्याने बुजवली, नवीन सोळा. खांदे पुन्हा भरून आले. बोललो तर फक्त कामापुरतं, असा आमचा अबोला अजून शिल्लक होताच.

पण ठोकताना एक बदल झाला. नवऱ्याने पहिल्या कोपऱ्याला हातोडी मारली, घोडीवर सरळ माझ्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं?"

मी मान हलवली नाही, नाकही खाजवलं नाही. मूठ आवळून वर धरली, म्हणजे भरीव, आणि तोंडानेही म्हटलं, "भरीव!" चारही वेळा. सून श्वास रोखून ऐकत होती. आजी प्रत्येक ठोक्याला मान डोलावत होत्या. दादासुद्धा दारात उभा राहून कान देत होता, गाढव.

काम संपलं, साखळ्या लागल्या, गोण्या मांडल्या. आम्ही दोघं दोन टोकांना बसलो. नवऱ्याने पायाने रेटा दिला. झोपाळा गेला, आला, गेला, आला. वर चारही हुक गप्प. गोण्यांमुळे मला त्याचं तोंड धड दिसत नव्हतं, आणि त्याला माझं.

चार झोके झाल्यावर त्याने माझ्या दिशेने वाकून पुटपुटल्यासारखं म्हटलं, "उद्या जाऊ त्या कानाच्या डॉक्टरकडे. मशीनचं बघायला."

मला ऐकू आलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं. पण दोन दिवसांचे चार दिवस झालेला अबोला काय असा फुकटात सोडायचा? मी पायाने झोपाळा थांबवला, गोण्यांवरून पुढे झुकले, त्याला माझे ओठ नीट दिसतील अशी, आणि म्हटलं, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं. मोठ्याने बोला."

त्याने एकदा आजींकडे पाहिलं, एकदा दारातल्या दादाकडे. मग छाती भरून ओरडला, "मशीन! कानाचं मशीन आणायला जायचंय उद्या! येणारेस ना?"

वरच्या मजल्यावरच्यांनाही ऐकू गेलं असेल. मी मूठ आवळून वर धरली.